निकालपत्रक आडवं, विश्लेषण उभं



तिमाही, सहामाही, नऊमाही, वार्षिक. काही शाळांत आता यांना घटक चाचणी आणि सत्र परीक्षा म्हणतात, पण वर्षातले चार थांबे बहुतेक ठिकाणी तेच आहेत. आणि या चार थांब्यांचे गुण आपण सगळे एकाच पद्धतीने लिहितो: डावीकडे हजेरी क्रमांक, त्यापुढे नाव, मग चार परीक्षांचे चार रकाने, शेवटी एकूण आणि शेरा. एका मुलाची एक ओळ. हे पत्रक वाचायला सोपं, छापायला सोपं, सही घ्यायला सोपं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की संगणकाला प्रश्न विचारायचा असेल तर हे पत्रक त्याच्यापुढे असंच ठेवू नये. आधी चार रकान्यांच्या चार ओळी कराव्यात. म्हणजे "एका मुलाची एक ओळ" याऐवजी "एका मुलाच्या एका परीक्षेची एक ओळ". संगणकाच्या भाषेत याला अनपिव्हट करणं म्हणतात. मी साधं म्हणेन: आडवा तक्ता उभा करणं. यात नेमकं काय मिळतं, आणि कुठे फसगत होते, हे एका छोट्या उदाहरणावरून पाहू.

आधी आडवा तक्ता

समजा गणित विषय आहे. तिमाही २५ गुणांची, सहामाही ५० ची, नऊमाही पुन्हा २५ ची आणि वार्षिक १०० ची. वर्गातली चारच मुलं घेऊ, आणि नावांऐवजी हजेरी क्रमांक वापरू. खऱ्या कामातही मी हेच सुचवेन, कारण विश्लेषणाची फाइल चार जणांकडे फिरते आणि मुलांची नावं तिच्याबरोबर फिरायला नकोत.

| हजेरी क्र. | तिमाही | सहामाही | नऊमाही | वार्षिक | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| ७ | १९ | ३३ | १५ | ५८ | १२५ |
| १२ | ११ | २७ | १६ | ७० | १२४ |
| १५ | १४ | | १५ | ६१ | ९० |
| २१ | २१ | ४१ | २० | ८३ | १६५ |

आता पालकसभेत ७ क्रमांकाचे आणि १२ क्रमांकाचे पालक समोर बसले आहेत. दोघांचाही प्रश्न एकच: "सर, मूल पुढे चाललंय की मागे पडतंय?" आपण एकूण बघतो. १२५ आणि १२४. दोनशेपैकी साडेबासष्ट टक्के आणि बासष्ट टक्के. दोघांनाही आपण "ठीक आहे, अजून मेहनत हवी" असं सांगून मोकळे होतो.

उत्तर चुकलंय. पण आडव्या तक्त्यात ते सहज दिसत नाही, कारण ओळीतले आकडे एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत. १९ नंतर ३३ आले म्हणजे वाढ की घट? ३३ नंतर १५ म्हणजे काय? २५ पैकी आणि ५० पैकी हे शिक्षकाच्या डोक्यात असतं, फार तर रकान्याच्या डोक्यावर कंसात लिहिलेलं असतं. सूत्राला ते कळत नाही.

तोच तक्ता उभा

७ आणि १२ क्रमांकांच्या ओळी उभ्या केल्या, आणि प्रत्येक परीक्षेचे कमाल गुण शेजारी ठेवून टक्के काढले, तर असं दिसतं:

| हजेरी क्र. | परीक्षा | गुण | कमाल | टक्के |
|---|---|---|---|---|
| ७ | तिमाही | १९ | २५ | ७६ |
| ७ | सहामाही | ३३ | ५० | ६६ |
| ७ | नऊमाही | १५ | २५ | ६० |
| ७ | वार्षिक | ५८ | १०० | ५८ |
| १२ | तिमाही | ११ | २५ | ४४ |
| १२ | सहामाही | २७ | ५० | ५४ |
| १२ | नऊमाही | १६ | २५ | ६४ |
| १२ | वार्षिक | ७० | १०० | ७० |

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. एक मूल ७६ वरून ५८ वर उतरलं आहे, दुसरं ४४ वरून ७० वर चढलं आहे. दोघांच्या बेरजेत एका गुणाचा फरक, आणि दिशा मात्र अगदी उलट. ७ क्रमांकाच्या पालकांना "ठीक आहे" म्हणून परत पाठवणं हा त्या मुलावर अन्याय आहे. १२ क्रमांकाच्या मुलाला तेच वाक्य ऐकवणं हाही.

हे काम चार ओळींसाठी कागदावरही होतं, हे मान्य. पण चाळीस मुलं, सहा विषय आणि चार परीक्षा म्हणजे ९६० गुण. आडव्या पत्रकात ते २४ रकान्यांत पसरलेले असतात, आणि टक्के काढायचे तर आणखी २४ रकाने लागतात. उभ्या तक्त्यात टक्क्यांचा एकच रकाना असतो, एकच सूत्र, आणि ते ९६० ओळींना सारखं लागू होतं. हॅडली विकहॅम या संख्याशास्त्रज्ञाने २०१४ साली "टायडी डेटा" या लेखात हाच नियम मांडला: प्रत्येक गुणधर्माला एक रकाना, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ. आपल्या तक्त्यात "परीक्षा" हा गुणधर्म आहे. आडव्या पत्रकात मात्र तो रकान्यांच्या डोक्यावर जाऊन बसलेला असतो, आणि तिथे असेपर्यंत त्याच्यावर फिल्टर लावता येत नाही, गट पाडता येत नाहीत.

करायचं कसं

एक्सेल २०१६ किंवा त्यापुढची आवृत्ती संगणकावर असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा मूळ पत्रक नीट करा. वर शाळेचं नाव, खाली विषयाचं नाव, त्याखाली परीक्षा, आणि हे सगळं जोडलेल्या घरांत, अशी आपली सवय असते. उभं करण्यासाठी डोक्यावर एकच ओळ हवी आणि प्रत्येक रकान्याचं नाव वेगळं हवं. एकच विषय असेल तर `1 तिमाही`, `2 सहामाही` अशी नावं द्या. आकडा मुद्दाम पुढे लावायचा. का, ते पुढे सांगतो. अनेक विषय असतील तर `गणित-1 तिमाही`, `मराठी-1 तिमाही` अशी जोडनावं द्या.

मग तक्त्यात कुठेही क्लिक करून `Ctrl+T` दाबा, म्हणजे त्याचं टेबल होईल. `Data` मध्ये `From Table/Range` निवडा. पॉवर क्वेरीची वेगळी खिडकी उघडेल. तिथे `एकूण` आणि `शेरा` हे रकाने निवडून `Remove Columns` करा. हे फक्त या खिडकीतून जातात, मूळ पत्रकात राहतातच. आता `हजेरी क्र.` हा रकाना निवडा, उजवं क्लिक करा आणि `Unpivot Other Columns` म्हणा. बाकीचे चार रकाने नाहीसे होऊन त्यांच्या जागी `Attribute` आणि `Value` असे दोन रकाने येतील. पहिल्याचं नाव `परीक्षा` करा, दुसऱ्याचं `गुण`. `Close & Load` म्हटलं की उभा तक्ता नव्या पानावर येतो.

जोडनावं असतील तर लोड करण्याआधी `Attribute` रकान्यावर `Split Column`, `By Delimiter` करून `-` या खुणेवर तोडा. विषय आणि परीक्षा असे दोन रकाने मिळतील.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांना एका सूत्रात हेच करता येतं. चाळीस मुलं आहेत, A रकान्यात हजेरी क्रमांक आणि B ते E मध्ये चार परीक्षा आहेत असं धरून:

```
=ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(A2:A41&"|"&B1:E1&"|"&B2:E41),"|"))
```

हे सूत्र प्रत्येक मुलाचा क्रमांक, परीक्षेचं नाव आणि गुण मध्ये उभी रेघ घालून एकत्र चिकटवतं, सगळं एकाखाली एक रचतं आणि मग पुन्हा तीन रकान्यांत तोडतं.

यापैकी काहीच हाताशी नसेल तर हजेरी क्रमांकांचा रकाना चार वेळा एकाखाली एक चिकटवा, शेजारी परीक्षेचं नाव भरा आणि त्या त्या परीक्षेचे गुण आणून लावा. एका वर्गासाठी हेही चालतं. फक्त मध्येच कुणी आडवं पत्रक क्रमवारीने लावलं तर गुण भलत्याच मुलाला चिकटतील, म्हणून हे काम एका बैठकीत संपवा.

टक्क्यांसाठी बाजूला चार ओळींचा कमाल गुणांचा तक्ता करा, समजा G2 ते H5 मध्ये. उभ्या तक्त्यात A, B, C हे क्रमांक, परीक्षा आणि गुण असतील तर D मध्ये:

```
=IF(ISNUMBER(C2),C2/VLOOKUP(B2,$G$2:$H$5,2,FALSE)*100,"")
```

विषयानुसार कमाल गुण वेगळे असतील तर कमाल गुणांच्या तक्त्यात `गणित-1 तिमाही` अशी जोडनावंच ठेवा, आणि `VLOOKUP` मध्ये विषय व परीक्षा हे दोन रकाने `-` ने जोडून शोधा.

रिकामं घर: खरी फसगत इथे आहे

आता १५ क्रमांकाकडे या. सहामाहीला तो आला नव्हता. आपण घर रिकामं सोडलं. पॉवर क्वेरीचा स्वभाव असा आहे की उभं करताना ती रिकाम्या घरांची ओळच करत नाही. चार मुलं, चार परीक्षा म्हणजे १६ ओळी हव्यात, येतात १५. कुठलीही सूचना येत नाही, लाल खूण दिसत नाही. उभ्या तक्त्यात "सहामाहीला कोण नव्हतं?" असा प्रश्न विचारला तर उत्तरच नाही, कारण न आलेलं मूल तक्त्यातही नाही.

काही जण यावर उपाय म्हणून शून्य भरतात. तो उपाय आजारापेक्षा वाईट आहे. आपल्या चार मुलांची सरासरी टक्केवारी काढून पाहा. तिमाहीला ६५, नऊमाहीला ६६, वार्षिकला ६८. सहामाहीला आलेल्या तिघांची सरासरी ६७.३ आहे. गैरहजर मुलाला शून्य धरलं तर ती ५०.५ होते. आलेख काढला तर वर्ग सहामाहीत कोसळला आणि नऊमाहीत सावरला अशी गोष्ट दिसेल. मुख्याध्यापक विचारतील, "दिवाळीआधी काय झालं?" काहीच झालं नव्हतं. एक मूल आजारी होतं.

त्या मुलाच्या बाबतीतही तेच. त्याने दिलेल्या तीन परीक्षा पाहिल्या तर ५६, ६०, ६१ टक्के, म्हणजे संथ पण चढती रेघ. एकूण ९० ला २०० ने भागलं की ते ४५ टक्क्यांचं होतं, आणि गणितात कच्च्या मुलांच्या यादीत त्याचं नाव लागतं.

म्हणून माझा आग्रह असा: मूळ पत्रकात एकही घर रिकामं ठेवू नका. गैरहजर असेल तर `AB` लिहा. गुण अजून विषयशिक्षकांकडून यायचे असतील तर `बाकी` लिहा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिकामं घर दोन्हींचा अर्थ एकच करून टाकतं. मजकूर भरलेला असला की पॉवर क्वेरी ओळ ठेवते. वरच्या सूत्रातला `ISNUMBER` अशा ओळींना टक्के देत नाही, त्यामुळे सरासरीत त्या मोजल्या जात नाहीत, पण यादीत मात्र राहतात. कधी `AB` च्या जागी `Error` दिसलं तर पॉवर क्वेरीच्या उजवीकडच्या पायऱ्यांच्या यादीतली `Changed Type` ही पायरी काढून टाका. तिने तो रकाना फक्त आकड्यांचा ठरवून ठेवलेला असतो.

गूगल शीट्सच्या सूत्रात ही ओळ गळत नाही, गुणाचं घर रिकामं येतं. तरीही `AB` लिहायची सवय तिथेही ठेवा.

बरोबर झालंय हे कसं ओळखायचं

दोन तपासण्या पुरतात. पहिली ओळींची: मुलं गुणिले परीक्षा, विषय अनेक असतील तर गुणिले विषय. आपल्या उदाहरणात १६. पंधरा आल्या तर कुणीतरी गळलं. वीस आल्या तर एखादा जास्तीचा रकाना आत शिरला, बहुधा `एकूण`.

दुसरी बेरजेची. आडव्या पत्रकातल्या चार परीक्षांच्या सगळ्या गुणांची बेरीज आणि उभ्या तक्त्यातल्या `गुण` रकान्याची बेरीज सारखी हवी. आपल्या उदाहरणात ती ५०४ आहे. ती १००८ आली, बरोबर दुप्पट, तर समजायचं की `एकूण` हीसुद्धा पाचवी परीक्षा म्हणून मोजली गेली.

ही चूक वर्षाच्या मध्ये होते, हे लक्षात ठेवा. `Unpivot Other Columns` चा फायदा असा की नऊमाहीचा रकाना मूळ टेबलात नंतर जोडला तरी `Refresh All` केल्यावर तो आपोआप उभ्या तक्त्यात येतो. पण त्याच उदारपणाने ती कुणी नंतर जोडलेला `सरासरी` किंवा `श्रेणी` हा रकानाही आत घेते. म्हणून प्रत्येक वेळी ताजं केल्यावर ओळी मोजायच्या.

तिसरी एक गोष्ट चूक नाही, पण आलेख बिघडवते. उभ्या तक्त्यावर पिव्हट टेबल काढलं की परीक्षांची नावं अक्षरांच्या क्रमाने लागतात: तिमाही, नऊमाही, वार्षिक, सहामाही. वार्षिकनंतर सहामाही! ७ क्रमांकाची उतरती रेघ मग ७६, ६०, ५८, ६६ अशी होते आणि शेवटी सुधारणा झाल्याचा भास होतो. नावापुढे आकडा लावायला सांगितलं ते यासाठी. तसंच पिव्हट टेबल `टक्के` रकान्याची सरासरी न काढता कधी बेरीज, कधी नुसती मोजणी दाखवतं. `Value Field Settings` मध्ये जाऊन `Average` निवडावं लागतं.

उभ्या तक्त्याने काय होत नाही

तक्ता उभा केला म्हणून प्रश्नपत्रिका सारख्या होत नाहीत. नऊमाहीचा पेपर अवघड असेल तर सगळ्यांचेच टक्के उतरतील. म्हणून मुलाचे टक्के वर्गाच्या त्या परीक्षेच्या सरासरीशी ताडून पाहावेत. ७ क्रमांक तिमाहीला वर्गाच्या ११ टक्क्यांनी पुढे होता, सहामाहीला साधारण १ ने मागे, नऊमाहीला ६ ने मागे, वार्षिकला १० ने मागे. १२ क्रमांक २१ ने मागे होता, तो २ ने पुढे आला. इथे सरासरी चारच मुलांची आहे, म्हणून हे फक्त पद्धत दाखवण्यापुरतं. चाळीस मुलांच्या वर्गात याला खरा अर्थ येतो.

दुसरं, २५ गुणांच्या परीक्षेत एक गुण म्हणजे चार टक्के. एका बेरजेत चूक, एक आकृती राहिली, की आठ टक्के गेले. एवढ्यावरून पालकांना बोलावू नये. ७ क्रमांकाच्या बाबतीत सहामाही ते नऊमाही हा उतार जेमतेम दीड गुणाचा आहे. एकट्या त्या पायरीवरून मी काहीच म्हणणार नाही. पण तीनही पायऱ्या खालीच गेल्या आहेत, आणि वर्गाशी तुलना केली तरी खालीच, म्हणून बोलायला हवं.

आणि तिसरं, काही प्रश्नांना आडवा तक्ताच बरा. "सहामाहीपेक्षा वार्षिकला किती फरक पडला?" हे काढायला दोन्ही आकडे शेजारी शेजारी लागतात. तेव्हा पिव्हट टेबलमध्ये क्रमांक डावीकडे, परीक्षा वर आणि टक्के मध्ये ठेवा, पुन्हा आडवं होतं. यात परस्परविरोध नाही. उभ्या तक्त्यातून हवं ते आडवं पत्रक कधीही काढता येतं, अगदी वरिष्ठ कार्यालयाने मागितलेल्या नमुन्यातसुद्धा. आडव्यातून उभं काढताना मात्र वर सांगितलेल्या सगळ्या खबरदाऱ्या घ्याव्या लागतात.

मग शाळेत काय करावं

"आधीच कागद कमी आहेत का, त्यात हे आणखी?" असं सहकारी म्हणतील, आणि त्यांचं चुकत नाही. गुण भरायला आडवं पत्रकच सोयीचं आहे. विषयशिक्षक हजेरीच्या क्रमाने एक रकाना वरून खाली भरत जातात, त्यात बदल नको. माझी सूचना एवढीच की वर्गशिक्षकाने त्याच फाइलीत दुसऱ्या पानावर उभा तक्ता एकदा जोडून ठेवावा. पहिल्या वेळी अर्धा तास जाईल. पुढच्या तीन परीक्षांना `Refresh All` आणि दोन तपासण्या, बस.

वर्ष संपलं की त्या उभ्या तक्त्याला `वर्ष` आणि `इयत्ता` हे दोन रकाने जोडा आणि तो पुढच्या वर्गशिक्षकाला द्या. पुढच्या वर्षीच्या ओळी त्याखाली लागतील. दरवर्षी परीक्षांची नावं बदलली, विषय वाढले, तरी तक्त्याचा आकार तोच राहतो, फक्त खाली वाढतो. आडव्या पत्रकांचं तसं होत नाही. सहावीचं पत्रक सातवीच्या पत्रकाला जुळत नाही, म्हणून ते कपाटात जातं, आणि मुलाचा मागचा इतिहास नव्या शिक्षकापर्यंत "हुशार आहे हो" किंवा "जरा लक्ष द्या" एवढ्याच शब्दांत पोहोचतो.

पालकांनाही हे घरी करता येईल, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. प्रगतिपुस्तक समोर घ्या. एका वहीत एका विषयाला एक पान द्या. प्रत्येक परीक्षेची एक ओळ: तारीख, परीक्षा, मिळालेले गुण, पैकी गुण, टक्के. परीक्षा चुकली असेल तरी ओळ लिहा आणि पुढे "गैरहजर" असं लिहा. पुढच्या पालकसभेला ते पान घेऊन या. "एकूण किती पडले?" ऐवजी "नऊमाहीपासून भूमिती सुरू झाली, तिथून घसरलंय का?" असं विचारता येईल, आणि आम्हा शिक्षकांना त्याचं नेमकं उत्तर द्यावं लागेल.